लहान मुलाचा घसा दुखतोय, झोप आणणारं खोकल्याचं सायरप देऊ का? मेडिकलच्या काउंटरवर रोज येणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या बाहेर माझं मेडिकल आहे. पाऊस ओसरला की संध्याकाळी सात ते नऊ काउंटरवर एकच वाक्य ऐकू येतं, "पोराचा घसा धरलाय, रात्रभर झोपत नाही, एखादं चांगलं खोकल्याचं औषध द्या, झोप लागेल असं." या वाक्यातलं शेवटचं "झोप लागेल असं" मला सगळ्यात जास्त खटकतं. का खटकतं ते प्रत्येकाला गर्दीत उभं राहून सांगता येत नाही म्हणून इथे निवांत लिहितोय. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे तपासणी आणि निदान हे त्यांचंच काम.

घसा दुखतोय तर खोकल्याचं औषध का नको? घशाचंच तर आहे ना?

सायरप गिळताना घशावरून जातं म्हणून ते घशाचं औषध आहे असं वाटतं, पण ते जातं पोटात, तिथून रक्तात आणि मग जिथे त्याचं काम आहे तिथे. अशा सायरपात कोडीन असो की झोप आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध असो, दोघांचं काम चालतं मुख्यतः मेंदूत. दुखणारा घसा म्हणजे सुजलेली, लाल झालेली त्वचा, आणि त्या सुजेवर या दोन्हींचा काहीच उपयोग नाही. गोड पातळ सायरप गिळल्यावर दोन मिनिटं घसा ओला आणि गार वाटतो तेवढंच, आणि तेवढं काम कोमट पाण्यानेही होतं.

लहान मुलांच्या घशाचं दुखणं बहुतेक वेळा व्हायरसमुळे असतं, सर्दीबरोबर येतं आणि आठवड्याभरात आपोआप जातं. तेवढ्या काळात मुलाला दुखू नये आणि पोटात पाणी जात राहावं एवढंच बघायचं असतं. सायरप त्यात कुठेच बसत नाही.

कोडीन म्हणजे नक्की काय?

अफूच्या घराण्यातलं औषध. खोकल्याची उबळ मेंदूतून दाबतं म्हणून मोठ्यांच्या कोरड्या खोकल्याच्या सायरपात वर्षानुवर्षं घालत आले. आपल्याकडे त्याच बाटल्या नशेसाठीही वापरल्या गेल्या, "कोरेक्स" हा शब्द कित्येक गावांत औषधाचं नाव म्हणून कमी आणि व्यसनाचं नाव म्हणून जास्त माहीत आहे. २०१६ साली केंद्र सरकारने एका फटक्यात ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली त्यात कोडीन आणि क्लोरफेनिरामिन ही जोडीही होती, मग ते प्रकरण कोर्टात गेलं, तो वेगळा विषय आहे. इथे मुद्दा एवढाच की हे साधं घरगुती खोकल्याचं औषध कधीच नव्हतं.

आता गंमत अशी (गंमत कसली म्हणा), कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. लिव्हरमध्ये गेल्यावर त्यातल्या थोड्या भागाचं मॉर्फिन बनतं आणि जो काही परिणाम होतो तो मुख्यतः त्या मॉर्फिनचा. म्हणजे मुलाला कोडीन देणं म्हणजे किती ते माहीत नसलेलं मॉर्फिन देणं.

किती ते माहीत नसलेलं म्हणजे? डोस तर बाटलीवर लिहिलेला असतो.

डोस लिहिलेला असतो कोडीनचा. त्याचं मॉर्फिन किती बनणार हे त्या मुलाच्या लिव्हरमधलं एक एन्झाइम ठरवतं, त्याचं नाव सीवायपी-टू-डी-सिक्स, नाव विसरलात तरी चालेल. हे एन्झाइम प्रत्येकात सारखं नसतं, जन्मतःच कमी-जास्त असतं. काहींच्यात ते जवळपास कामच करत नाही, त्यांना कोडीन म्हणजे साखरेचं पाणी. बहुतेकांच्यात मध्यम. आणि थोड्या लोकांच्यात त्या जीनच्या जास्तीच्या प्रती असतात, त्यांच्यात मॉर्फिन भराभर आणि भरपूर तयार होतं, डॉक्टर लोक त्यांना अल्ट्रा-रॅपिड म्हणतात. तुमचं मूल यातलं कोणतं हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं, वजनावरून कळत नाही, आणि आपल्याकडच्या दवाखान्यात सर्दीच्या मुलाची ही टेस्ट कोणी करत नाही.

कॅनडातली एक केस २००९ साली डॉक्टरांच्या जर्नलमध्ये छापून आली होती. दोन वर्षांचा मुलगा, वजन १३ किलो, घोरायचा, झोपेत श्वास अडकायचा म्हणून टॉन्सिल्स आणि अ‍ॅडेनॉइड्स काढले. ऑपरेशन नीट झालं, घरी सोडलं, दुखण्यासाठी कोडीन आणि पॅरासिटामॉल लिहून दिलं, आईने सांगितल्याप्रमाणेच दिलं. दुसऱ्या रात्री ताप आणि श्वासाला घरघर, आणि त्याच्या पुढच्या सकाळी मूल गेलेलं. रक्तात मॉर्फिन खूप जास्त निघालं आणि जीन तपासल्यावर कळलं की तो अल्ट्रा-रॅपिड होता. डोस चुकला नव्हता, बाटली भेसळीची नव्हती, कोणी निष्काळजीपणा केला नव्हता. मी ही केस काउंटरवर सांगायचं टाळतो कारण लोक घाबरतात, पण इथे सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

मग कमी डोस दिला तर? अर्धाच चमचा?

कमी डोसने धोका कमी होतो, जात नाही. आणि दुसरी बाजूही बघा, फायदा किती आहे? मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर कोडीन आणि नुसतं बिनऔषधाचं गोड सायरप अशी तुलना करून १९९३ साली अभ्यास झालेला आहे, फरक दिसला नाही, दोन्हीकडची मुलं काही दिवसांत सारखीच सुधारली. अर्ध्या चमच्याने फायदा शून्य आणि धोका अर्धा, असला सौदा कोण करेल?

माझ्या मुलाला श्वासाचा काही त्रास नाही, फक्त घसाच दुखतोय. तरीही धोका?

हाच खरा मुद्दा आहे, नीट वाचा.

घसा दुखणाऱ्या लहान मुलाच्या तोंडात टॉर्च मारून बघितलंत तर दोन्ही बाजूंनी टॉन्सिल्स फुगलेले दिसतात, कधीकधी बोरासारखे, मध्ये हवा जायला चिंचोळी फट. नाक सर्दीने बंद. दिवसा जागेपणी मूल तोंड उघडं ठेवून, मान जरा मागे टाकून ते सांभाळून घेतं. रात्री झोपल्यावर घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, फट आणखी अरुंद होते, म्हणून तर अशी मुलं घशाच्या आजारात घोरतात. मध्येच श्वास अडतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदूला ते कळतं आणि तो मुलाला किंचित जागं करतो. मूल कूस बदलतं, कण्हतं, एक मोठा श्वास घेतं, परत झोपतं. तुम्ही म्हणता "रात्रभर चुळबुळ करत होता". ती चुळबुळ म्हणजे त्याच्या शरीराने स्वतःला वाचवणं.

कोडीनपासून बनलेलं मॉर्फिन नेमकं तिथेच हात घालतं. कार्बन डायऑक्साइड वाढलाय हे मेंदूला उशिरा कळतं, श्वास संथ होतो, आणि अडलेला श्वास मोकळा करायला जे जागं व्हायचं तेच होत नाही. झोप आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध बरोबर असेल तर जाग येणं आणखी कठीण. म्हणजे ज्याचा घसा सुजलाय त्याच मुलाला हे औषध द्यायला आपण निघतो आणि त्याच मुलाला ते सगळ्यात वाईट. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकांनी, २०१३ मध्ये टॉन्सिल्सच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन देऊ नका असा सगळ्यात कडक इशारा छापायला लावला त्यामागे हेच कारण होतं.

कोडीन नको, समजलं. पण साधं अ‍ॅलर्जीचं, सीपीएमवालं सायरप तर सगळेच देतात?

देतात, खरं आहे, माझ्या रॅकवरही आहेत. क्लोरफेनिरामिन म्हणजे सीपीएम, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन ही जुनी अँटीहिस्टामिन्स. जुनी एवढ्यासाठी म्हणायचं की ती रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि तिथे जागं ठेवणारं हिस्टामिन बंद पाडतात, म्हणून झोप येते.

सर्दीत नाक वाहतं ते बहुतांशी हिस्टामिनमुळे वाहत नाही, व्हायरसमुळे आलेल्या सुजेमुळे वाहतं, म्हणून अ‍ॅलर्जीच्या सर्दीत जे औषध छान चालतं तेच व्हायरसच्या सर्दीत लहान मुलात जवळपास काही करत नाही. उलट ही औषधं तोंड कोरडं करतात, लाळ आटवतात, कफ घट्ट करतात. घसा आधीच सोललेला, त्यात थुंकी गिळायलाही ओल नाही. सकाळी मूल जास्तच रडत उठतं आणि आई म्हणते घसा वाढला, अजून एक चमचा देऊ का.

आणि सगळीच मुलं झोपत नाहीत. काही जण उलट भिंगरीसारखी होतात, रात्री दोनला गादीवर उड्या, बडबड, चिडचिड. माझ्या बहिणीच्या मुलीचं असंच झालं होतं, घरच्यांना वाटलं औषध कमी पडलं, आणि दुसरा डोस देणार तेवढ्यात मला फोन आला म्हणून थांबलं. अँटीहिस्टामिनने लहान मूल चेकाळणं हे पुस्तकात लिहिलेलं आहे, त्यावर उपाय म्हणून आणखी तेच औषध द्यायचं नसतं.

या तिघांत प्रोमेथाझिन सगळ्यात बेभरवशाचं. दोन वर्षांखालच्या मुलांचे श्वास मंदावून मृत्यू झाले म्हणून एफडीएने २००४ मध्ये त्या वयात ते द्यायचंच नाही असा इशारा दिला. आपल्याकडे घाटात उलटी होऊ नये म्हणून एसटीत बसायच्या आधी मोठी माणसं जी छोटी गोळी घेतात त्यातही प्रोमेथाझिनच असतं, तेव्हा तिचा तुकडा मांडीवरच्या बाळाला देऊ नका.

पण मूल शांत झोपतं ना? झोपलं म्हणजे बरं वाटतंय.

नाही. आजारी मूल थकून झोपतं ती झोप वेगळी. तिच्यातून हाक मारली, गालाला हात लावला की ते डोळे उघडतं, चिडतं, पाणी मागतं. औषधाने आणलेल्या झोपेत दुखणं तसंच असतं, फक्त ते तुम्हाला सांगायला मूल जागं नसतं. पाणी प्यायला उठत नाही, शू कमी होते, आणि ताप वाढला, श्वासाला त्रास होऊ लागला तरी रडून सांगत नाही. आई-बापांची झोप होते हे मात्र खरं, आणि त्याबद्दल मी कोणाला नावं ठेवत नाही, मीही दोन पोरांचा बाप आहे.

नेमकं कितव्या वर्षापर्यंत द्यायचं नाही?

कोडीनचं सोपं सांगतो. युरोपात २०१५ पासून १२ वर्षांखाली खोकला-सर्दीसाठी कोडीन बंद. अमेरिकेत २०१७ मध्ये १२ खाली बंद केलं आणि २०१८ मध्ये तर खोकला-सर्दीची अफूजन्य औषधं १८ वर्षांखाली नकोतच असं ठरवलं. मी माझ्या काउंटरवर १८ चाच आकडा धरतो.

सर्दी-खोकल्याच्या मिश्र सायरपांबद्दल आपल्याकडे दोन गोष्टी लक्षात ठेवा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सीपीएम आणि चोंदलेलं नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन या जोडीच्या बाटलीवर "४ वर्षांखालील मुलांना देऊ नये" असं छापायला सांगितलं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की २ वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं लिहायची नाहीत आणि द्यायची नाहीत, आणि ५ वर्षांखाली साधारणपणे नकोतच. तरी माझ्याकडे दीड वर्षाच्या बाळासाठी जुनी रिकामी बाटली घेऊन "हेच द्या" म्हणणारे येतातच.

२०२५ मध्ये छिंदवाड्यात मुलं गेली ती याच औषधामुळे का?

नाही, आणि हा घोळ लोकांच्या डोक्यात फार झालाय. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची ती मुलं, त्यातल्या बऱ्याच जणांना नागपूरला आणलं होतं, त्यांच्या किडन्या निकामी झाल्या त्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषामुळे. कोल्ड्रिफ नावाच्या सायरपच्या एका बॅचमध्ये ते ४८.६ टक्के निघालं. तो कारखान्यातला गुन्हा. मी इथे जे सांगतोय ते शंभर टक्के शुद्ध, नीट बनवलेल्या सायरपबद्दल आहे.

पण एक गोष्ट सुटते. त्या सायरपमध्ये लेबलप्रमाणे होतं काय, तर पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि सीपीएम. म्हणजे वर ज्याच्याबद्दल ४ वर्षांचा इशारा सांगितला तीच जोडी. साध्या सर्दीच्या लहान मुलांना हे सायरप लागतच नव्हतं.

बाटलीत काय आहे हे ओळखायचं कसं? सगळं इंग्रजीत बारीक असतं.

पुढचं मोठं नाव सोडून द्या, ते कंपनीने ठेवलेलं लाडाचं नाव असतं, आणि एकाच नावाला मागे दोन अक्षरं जोडून चार वेगळी औषधं विकतात. बाटली फिरवा, "प्रत्येक ५ एमएलमध्ये" असं जिथे लिहिलंय तिथे बघा, किंवा सरळ आम्हाला विचारा "यात काय काय आहे, मोठ्याने वाचा". फार्मासिस्टला हे विचारायचा तुमचा हक्क आहे आणि तो वैतागला तर दुसरं दुकान गाठा.

कोडीन असलेल्या बाटलीवर लाल चौकट असते आणि त्यात शेड्यूल एच-वन असं लिहिलेलं असतं, ती चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि विकली की आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहून ठेवावं लागतं. पण लाल चौकट नाही म्हणजे झोपेचं काही नाही असं समजू नका, सीपीएम आणि डायफेनहायड्रामिनच्या कितीतरी बाटल्यांवर ती नसते.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे तिसरं नाव दिसेल. ते कोडीन नाही पण त्याचं लांबचं भावंड आहे, आणि तेही त्याच एन्झाइमवर अवलंबून. २०२१ मध्ये दिल्लीत हे सायरप दिल्यावर लहान मुलं सरकारी हॉस्पिटलात दाखल झाली आणि त्यातली तीन दगावली. लहान मुलाच्या बाबतीत ते नाव दिसलं तरी बाटली परत द्या.

डॉक्टरांनीच लिहून दिलं असेल तर?

भांडू नका आणि गुपचूप बंदही करू नका. फोन करून सरळ विचारा, "सर, यात झोपेचं काही आहे का, पोरगा रात्री घोरतो, टॉन्सिल्स मोठे आहेत, त्याशिवाय चालेल का?" घोरण्याचं डॉक्टरला बऱ्याचदा कोणी सांगितलेलंच नसतं आणि ते कळलं की चिठ्ठी बदलू शकते. गेल्या वर्षी मी स्वतः एका चिठ्ठीबद्दल असा फोन केला होता, समोरून शांतपणे उत्तर आलं, "नका देऊ, नुसतं पॅरासिटामॉल द्या." दोन मिनिटांचं काम.

चुकून मोठ्यांचं खोकल्याचं औषध दिलं गेलं. आता काय करू?

अशी एक रात्र सांगतो. साडेनऊला शटर ओढता ओढता एक आजोबा धावत आले. नातू तीन वर्षांचा, १४ किलो, दोन दिवस घसा दुखत होता, आजीने आजोबांच्या बाटलीतलं औषध आठ वाजता भाजीच्या मोठ्या चमच्याने दिलं. बाटली बरोबर आणली होती, हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं. दर ५ एमएलला कोडीन १० मिलिग्रॅम आणि सीपीएम ४ मिलिग्रॅम. तो चमचा म्हणजे अंदाजे १० एमएल. पोटात गेलं कोडीन २० आणि सीपीएम ८.

आता हिशोब करा. या वयाला पूर्वी, जेव्हा सीपीएम सर्रास देत, तेव्हा एका वेळचा डोस १ मिलिग्रॅम होता आणि अख्ख्या दिवसाचा जास्तीत जास्त ६. एका चमच्यात आठ डोस गेले. कोडीन दर किलोला जवळपास दीड मिलिग्रॅम पडलं, खोकल्यासाठी जुन्या पुस्तकात या वयाला जे द्यायचे त्याच्या चौपट तरी. कोडीनचं मॉर्फिन साधारण तास-दोन तासांत चढतं म्हणजे साडेनऊ ही अगदी चढायचीच वेळ, आणि सीपीएम तर दुसऱ्या दिवशीही अंगात रेंगाळतं.

मी आजोबांना एकच विचारलं, उठवल्यावर उठतो का? ते म्हणाले "उठतो पण परत लगेच मान टाकतो." १०८ ला फोन लावला, पण शेजाऱ्याची गाडी दारातच होती म्हणून तीच काढली आणि सरळ उपजिल्हा रुग्णालय. रात्रभर ऑक्सिजनचा क्लिप बोटाला लावून नजरेखाली ठेवलं, सकाळी साडेदहाला पोरगा बिस्किट मागत उठला. त्याचं नशीब, तो बहुधा अल्ट्रा-रॅपिड नव्हता.

तुमच्या घरी झालं तर असं करा. मुलाला झोपू देऊन "बघू सकाळी" असं अजिबात नको. उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका, झोपाळलेल्या मुलाच्या ती श्वासात जाते. बाटली आणि चमचा दोन्ही बरोबर घ्या, किती वाजता दिलं ते लक्षात ठेवा आणि लगेच दवाखाना. वाटेत छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, तीन वर्षांचं मूल शांत असताना साधारण वीस ते तीस वेळा श्वास घेतं, तो बारा-पंधरावर आला, मध्येच थांबायला लागला, ओठ निळसर पडले, हाक मारून हलवूनही डोळे उघडत नाही, अंग लुळं पडलं, तर एक मिनिटही घालवायचं नाही. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल तर कोडीनचा हात, आणि बाहुली मोठी, चेहरा लाल, अंग गरम, नाडी पळतेय, मूल हवेत काहीतरी पकडायला बघतंय तर अँटीहिस्टामिनचा. दोन्ही एकत्र असतील तर चित्र मिसळलेलं दिसतं म्हणून बाहुलीवर निर्णय घेत बसू नका. कोडीनवर उतारा आहे, नालोक्सोन, पण तो हॉस्पिटलमध्येच देतात आणि त्याचा असर लवकर ओसरतो म्हणून शुद्धीवर आलेल्या मुलालाही काही तास ठेवून घेतात. लगेच घरी न्यायचा हट्ट करू नका.

मग घशाला द्यायचं तरी काय?

पॅरासिटामॉल. कंटाळवाणं उत्तर आहे, पण दुखणं आणि ताप दोन्हीवर चालतं आणि श्वासाला हात लावत नाही. डोस वयावर नाही, वजनावर, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही.

तेच १४ किलोचं पोरगं घ्या. १४० ते २१० मिलिग्रॅम. आता तुमच्या हातातली बाटली कोणती ते बघा, कारण आपल्याकडे तीन ताकदी मिळतात. दर ५ एमएलला २५० वाली असेल तर ३ ते ४ एमएल. दर ५ एमएलला १२५ वाली असेल तर ६ ते ८ एमएल. आणि बाळांचे ड्रॉप्स असतात त्यात दर १ एमएललाच १०० मिलिग्रॅम, म्हणजे दीड-दोन एमएल झाले. ड्रॉप्स आणि सायरपची अदलाबदल ही मी काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा पकडलेली चूक, कारण लोक "चार एमएल" एवढंच लक्षात ठेवतात. बाटलीसोबत येणारं मापाचं टोपण किंवा सिरिंजच वापरा, घरातल्या चमच्यांना काही भरवसा नाही. आणि सर्दीच्या मिश्र सायरपात पॅरासिटामॉल आधीच असतं, वरून वेगळं दिलं की डबल. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी काहीच न देता डॉक्टर.

आयब्रुफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, विशेषतः डेंग्यूच्या दिवसांत, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

आणि घरगुती? मध, हळद, गुळण्या?

एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध जरूर द्या, रात्रीच्या खोकल्यावर मधाचा नीट अभ्यास झालेला आहे आणि तो सायरपपेक्षा कमी नाही ठरला. एक वर्षाखाली मात्र थेंबभरही नको, बोटुलिझम नावाचा आजार होऊ शकतो. मऊ भात, गार ताक, कोमट डाळीचं पाणी, मूल जे गिळेल ते. गुळण्या साधारण सहा वर्षांपुढे, त्याआधी ते पाणी गिळतं. हळद-दूध आवडत असेल तर द्या, नाही तर मागे लागू नका.

आजीच्या पेटीतला टाकणखार मधात कालवून घशाला लावायची पद्धत अजून आहे, ती बंद करा, तो बोरॅक्स आहे आणि लहान बाळांना विषारी आहे. ब्रँडीचे दोन थेंबही नकोत, तीही श्वास मंदावणारीच.

डॉक्टरकडे कधी पळायचं?

लाळ गिळता येत नाही आणि बाहेर गळतेय, श्वास घेताना घुर्र असा आवाज येतोय, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा झालाय, तोंड उघडत नाही, मान वळवत नाही, आठ-दहा तास शू नाही, तर लगेच, रात्र असली तरी. घशात करडा-पांढरा चिकट पापुद्रा दिसतोय आणि मान सुजलीय तर तेही तातडीचं, घटसर्प अजून संपलेला नाही, लसीचं कार्ड बरोबर न्या. तीन दिवसांत ताप उतरला नाही, अंगावर खरखरीत लाल पुरळ आलं, किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाला खोकला-सर्दी काही नाही नुसता जोराचा घसा आणि ताप, तर दुसऱ्या दिवशी दाखवा, तो स्ट्रेप नावाच्या बॅक्टेरियाचा असू शकतो आणि त्याला अँटिबायोटिक लागतं, ते चिठ्ठीवरच.

घरात उरलेली बाटली आहे, मोठ्या मुलाची. पुढच्या वेळेसाठी ठेवू का?

नको. कोडीनवाली असेल तर आमच्यासारख्या दुकानात आणून द्या, घेतात का ते विचारा. नाही घेतली तर चहाच्या चोथ्यात ओतून, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका आणि लेबल फाडा, रिकाम्या बाटल्या गोळा करणारे आमच्या स्टँडवर आहेत. फ्रिजच्या दारात मात्र ठेवू नका, तीन वर्षांच्या पोराचा हात नेमका तिथपर्यंत पोचतो.